‘n = k मानू’



गणित शिक्षकांच्या या परिषदेचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत. अध्यक्षीय भाषणात वर्षभराच्या गणित अध्यापनाचा आढावा घ्यायचा असतो, असं निमंत्रणपत्रात लिहिलं होतं. तो आढावा मी टंकलिखित करून आणला आहे, दाराशी ठेवला आहे, जाताना घेऊन जा. इथे मला एकाच गोष्टीबद्दल बोलायचं आहे. चौतीस वर्षं अकरावी-बारावीला शिकवताना ती माझ्या मनात साचली आहे आणि बोलायला आजवर व्यासपीठ मिळालं नाही.

गोष्ट आहे १ + ४ + ९ + १६ अशा वर्गांच्या बेरजेची आणि ती अकरावीत ज्या रीतीनं शिकवली जाते त्या रीतीची. फळ्यावर आपण सूत्र लिहितो: n(n+1)(2n+1)/6. मग म्हणतो, गणिती विगमनानं सिद्ध करा. विगमन हा शब्द पुस्तकातला, वर्गात आपण सगळे ‘इंडक्शन’च म्हणतो. n = 1 साठी खरं आहे, n = k साठी खरं मानू, n = k+1 साठी सिद्ध करू. मुलं करतातही. पण दर वर्षी मागच्या बाकावरचा एखादा मुलगा विचारतो, ‘मॅडम, हे सूत्र आलं कुठून?’ आणि आपण म्हणतो, ‘ते सिलॅबसमध्ये नाही.’ मीही कितीतरी वर्षं हेच म्हटलं.

सूत्र जुनं आहे, हे खरं. आर्यभटानं ते ४९९ साली आर्यभटीयात दिलं, वर्गांच्या राशीचं आणि घनांच्या राशीचंही. भास्कराचार्यांनी ११५० साली लीलावतीत ते वेगळ्या तऱ्हेनं सांगितलं: साध्या बेरजेला, म्हणजे संकलिताला, 2n+1 नं गुणा आणि तिनानं भागा. सूत्र आर्यभटाचं आहे, एवढं सांगून त्या मुलाचं समाधान होत नाही. त्याला आर्यभटापर्यंत ते कसं पोचलं ते हवं असतं.

सकाळच्या सत्रात यावर वाद झाला. एका बाजूनं म्हटलं गेलं, फरकांच्या कोष्टकानं मुलांना सूत्र शोधायला लावा. दुसऱ्या बाजूनं उत्तर आलं, कोष्टक हा अंदाज आहे, सिद्धता इंडक्शनच. दोघांनाही माझं म्हणणं पटणार नाही. आधी कोष्टक पाहू.

बेरजा लिहा, शून्यापासून: ०, १, ५, १४, ३०, ५५. शेजारच्या संख्यांमधले फरक घ्या: १, ४, ९, १६, २५. हे तर वर्गच, ते येणारच होते. पुन्हा फरक घ्या: ३, ५, ७, ९. पुन्हा घ्या: २, २, २. थांबा. आता प्रत्येक ओळीचा फक्त पहिला आकडा उचला: ०, १, ३, २. सगळं सूत्र या चार आकड्यांत आहे.

कसं ते सांगते. ज्याचा फरक सगळीकडे १ आहे आणि जे शून्यापासून सुरू होतं, ते n. ज्याचा फरक n आहे, ते n(n-1)/2. ज्याचा फरक तेवढा आहे, ते n(n-1)(n-2)/6. मुलांना हे ‘n सी १, n सी २, n सी ३’ म्हणून माहीत असतं. तेव्हा बेरीज झाली n सी १ एकदा, n सी २ तीनदा आणि n सी ३ दोनदा:

n + 3n(n-1)/2 + 2n(n-1)(n-2)/6

n/6 बाहेर काढा. कंसात राहतं 6 + 9(n-1) + 2(n-1)(n-2). ते सोडवलं की 2n² + 3n + 1, म्हणजेच (n+1)(2n+1). खालचा सहा आला तो n सी ३ च्या छेदातून. माझ्या वर्गात सर्वांत जास्त विचारला गेलेला प्रश्न ‘सहाच का?’ हा होता आणि मी तो वर्षानुवर्षं टाळला, कारण मला स्वतःलाच उत्तर माहीत नव्हतं.

घनांसाठी हेच करा. एक ओळ वाढते, उचललेले आकडे ०, १, ७, १२, ६ येतात. बीजगणित लांबतं, पण शेवटी n²(n+1)²/4 येतं, म्हणजे १ ते n च्या बेरजेचा वर्ग. १, ९, ३६, १०० बघूनच मुलं ओरडतात, ‘मॅडम, हे तर वर्ग आहेत!’ ओरडू द्या.

आता वादाकडे. ‘कोष्टक म्हणजे अंदाज’ म्हणणाऱ्यांनी सकाळी वर्तुळाचं उदाहरण दिलं. वर्तुळावर बिंदू घ्या, सगळे एकमेकांना जोडा, तीन रेषा एका बिंदूत मिळू देऊ नका, तुकडे मोजा: १, २, ४, ८, १६. सगळ्यांना वाटतं पुढे ३२. पण येतात ३१. उदाहरण उत्तम आहे, मीही वर्गात देते. दोन-चार मुलांनी तर खडू घेऊन फरशीवर वर्तुळ काढलं आणि मोजून मला सांगितलं, ‘तीसच आले.’ त्यांनी बिंदू सारख्या अंतरावर घेतले होते, त्यामुळे मधोमध तीन रेषा एकत्र मिळाल्या आणि एक तुकडा हरवला. पण वर्गांच्या कोष्टकात आपण आकड्यांकडे बघून ‘पुढेही असंच असणार’ म्हणत नाही. 3, 5, 7 ही ओळ पुढेही तशीच जाणार हे आपल्याला ठाऊक आहे, कारण (k+1)² - k² = 2k+1, कुठल्याही k साठी. त्या ओळीचा फरक २, तोही कुठल्याही k साठी. अंदाज कुठे आहे? एकच गोष्ट उरते: दोन श्रेढी एकाच आकड्यापासून सुरू होतात आणि त्यांचे फरक सारखे आहेत, तर त्या दोन्ही सारख्याच. ही गोष्ट मात्र इंडक्शननंच सिद्ध होते. ती एकदा नीट सिद्ध करा, पुन्हा पुन्हा नको.

आणि इथेच माझं खरं म्हणणं सुरू होतं. इंडक्शन आणि फरक हे दोन पक्ष नाहीतच. ‘n = k मानू’ ही पायरी म्हणजे फरक काढणंच आहे, फक्त आपण ते लपवतो. सूत्राला F(n) म्हणा. आपल्याला हवं आहे ते एवढंच की F(1) = 1 आणि k हा दोन किंवा मोठा असेल तेव्हा F(k) - F(k-1) = k². दुसरी गोष्ट एका ओळीत होते:

k/6 × [(k+1)(2k+1) - (k-1)(2k-1)] = k/6 × 6k = k²

कंसातले 2k² आणि 1 कटतात, 3k दोनदा येतो, सहाला सहा जातो. घनांचं तर याहून सोपं: k²/4 × [(k+1)² - (k-1)²] = k²/4 × 4k = k³. एवढ्यासाठी आपण मुलांकडून अर्धं पान अवयव पाडून घेतो.

पहिली पायरी मात्र सोडू नका. एका वर्षी मी फळ्यावर सूत्राच्या शेवटी मुद्दाम + 5 लिहिलं आणि म्हटलं, सिद्ध करा. वर्गात साठच्या वर मुलं होती. बहुतेकांनी ‘k साठी खरं मानून’ k+1 साठी बिनचूक सिद्ध केलं. फरक घेतला की पाच कटतोच. n = 1 घालून पाहिलं ते फक्त दोघींनी. बाकीच्यांनी ‘n = 1 साठी उघड आहे’ असं लिहिलं होतं. त्या दिवशी मला कळलं की आपण यांना मंत्र पाठ करायला लावला आहे.

आता जी गोष्ट सांगायला मी एवढी वर्षं थांबले, ती. नोकरीच्या चौथ्या वर्षी वार्षिक परीक्षेचे पेपर तपासत होते. चार गुणांचा प्रश्न: वर्गांच्या बेरजेचं सूत्र इंडक्शननं सिद्ध करा. आमच्या नमुना उत्तरात n = 1 ला एक गुण, ‘n = k मानू’ला एक, पुढच्या पायरीला दोन. एका मुलीनं आत्ता सांगितल्या त्या दोनच ओळी लिहिल्या होत्या, खाली एक वाक्य: ‘पहिला आकडा तोच आणि वाढ तीच, म्हणून बेरीज तीच.’ मी चार दिले. ज्येष्ठ सहकाऱ्यांनी पेपर परत आणला. म्हणाले, ‘“n = k मानू” कुठे आहे? नमुन्याप्रमाणे तपासा.’ मी नवीन होते. चाराचा एक केला.

निकालानंतर ती मुलगी स्टाफरूमच्या दाराशी आली. भांडायला नव्हती आली. पेपर पुढे धरून म्हणाली, ‘मॅडम, चूक कुठे आहे ते सांगा, म्हणजे पुन्हा करणार नाही.’ मी म्हटलं, ‘पद्धत चुकली.’ तिनं मान डोलावली आणि गेली. पुढच्या परीक्षेत तिनं ‘n = k मानू’ लिहिलं, अर्धं पान भरलं, पूर्ण गुण घेतले. तिचं ते वाक्य मी नंतर वर्गात दर वर्षी फळ्यावर लिहीत आले. तिचं नाव मात्र कधी सांगितलं नाही.

परिषदेपुढे कामं पुष्कळ आहेत. अशा प्रश्नांची एखादी पुस्तिका काढावी, नमुना उत्तरांत पर्यायी मार्ग छापावेत, असं कालच्या बैठकीत ठरलं. कोण लिहिणार, कोण छापणार, खर्च कुठून, ते समिती बघेलच. चतुर्थ घातांपर्यंत कोष्टक करून बघायला मात्र समितीची गरज नाही. उचललेले आकडे ०, १, १५, ५०, ६०, २४ येतील, घरी पडताळून पाहा.

आणि एक विनंती. तुमच्यापैकी बहुतेकांकडे येत्या वार्षिक परीक्षेच्या उत्तरपत्रिका येतील. एखाद्या पोरानं F(1) तपासून F(k) - F(k-1) = k² एवढंच दाखवलं असेल आणि खाली ‘म्हणून’ असं लिहिलं असेल, तर त्याला चारपैकी चार द्या.