क्युरेटिंग झाल्यावर घरी आलं, पुढे काय?
(महिला आरोग्य शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

मैत्रिणींनो, मी पंचवीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर म्हणून काम केलं. पिशवी खरवडायला, म्हणजे आपण ज्याला क्युरेटिंग म्हणतो त्यासाठी, येणारी बाई सकाळी उपाशीपोटी येते आणि संध्याकाळी रिक्षात बसून घरी जाते. थिएटरमध्ये तिचा वेळ जेमतेम पंधरा-वीस मिनिटं. पुढचे दहा-पंधरा दिवस मात्र ती घरी असते, आणि तिथे सल्ला देणाऱ्या असतात सासू, जाऊ, शेजारीण. त्या दिवसांविषयी आज बोलायचं आहे.

आधी काय करतात ते थोडक्यात सांगते. हल्ली बहुधा पहिल्यांदा बारीक दुर्बीण योनिमार्गातून गर्भाशयात घालतात. आत नीट दिसावं म्हणून सलाईन सोडून पिशवी फुगवतात. मग आतलं अस्तर खरवडून तुकडा तपासायला पाठवतात. पोटावर टाका नसतो. त्यामुळे घरच्यांना वाटतं, काही झालंच नाही. पण आत पिशवीचं अस्तर निघालेलं असतं, ती जागा ओली असते आणि पिशवीचं तोंड काही दिवस नेहमीपेक्षा सैल असतं. पुढे काय होतं ते यावरून समजतं.

पहिल्या दिवशी पाण्यासारखं पातळ, गुलाबी अंगावरून जातं. ते आत सोडलेलं सलाईन. नंतर पाळीसारखं लाल, मग तपकिरी, मग नुसता डाग. कुणाचं तीन-चार दिवसांत थांबतं, कुणाचं डाग दोन आठवडे लागतात. दोन्ही चालतं. ओटीपोटात आणि कंबरेत पाळीच्या पहिल्या दिवसासारखी कळ येते. ती एक-दोन दिवस राहते आणि पॅरासिटामॉलच्या गोळीने किंवा डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळीने बसते. भूल दिली असेल तर चोवीस तास स्टोव्हपाशी उभं राहायचं नाही, गाडी चालवायची नाही, आणि रात्री कुणीतरी जवळ झोपायचं.

आता नीट ऐका. किती रक्त गेलं यापेक्षा ते कमी होतंय की वाढतंय, हे पाहायचं. दुखण्याचंही तसंच. काल चार पॅड लागले, आज तीन, उद्या दोन, तर ठीक. उलटं चाललं तर ठीक नाही. हे एवढ्यासाठी सांगते की आपल्याकडे एक समजूत घट्ट आहे: “घाण बाहेर पडतेय, पडू दे.” खरवडल्यावर आत घाण उरलेली नसते. बाहेर येतं ते आपलंच रक्त.

माझ्या वस्तीतल्या एका बाईची गोष्ट सांगते. तिला विचारूनच सांगते, नाव मात्र घेत नाही. वय 42. वर्षभर पाळीत फार जात होतं, म्हणून सोमवारी दुर्बिणीची तपासणी आणि क्युरेटिंग झालं. मंगळवारी चार पॅड, बुधवारी तीन, गुरुवारी एक, तोही तपकिरी. दुखणं थांबलं म्हणून शुक्रवारी धुणं धुतलं. शनिवारी ओटीपोट पुन्हा ठणकू लागलं, पुन्हा लाल जाऊ लागलं, आणि त्याला वास होता. जाऊ म्हणाली, राहिलेलं निघतंय. हातातल्या कागदावर लिहिलं होतं, “सात दिवसांनी दाखवणे.” तिने विचार केला, सोमवार तर आलाच. रविवारी दुपारी हुडहुडी भरली तेव्हा तिने मला बोलावलं.

मी तिला चार गोष्टी विचारल्या. कमी झालेलं पुन्हा वाढलं का? वास कसा आहे? गोळी घेऊन दुखणं थांबतं का? आणि थर्मामीटर लावला. 102 ताप निघाला. पिशवीत जंतू शिरल्याची ही सगळी लक्षणं होती. सोमवारची वाट न पाहता त्याच संध्याकाळी तिला रुग्णालयात नेलं. सोनोग्राफी झाली, दोन दिवस शिरेतून औषधं दिली, मग गोळ्यांचा पूर्ण कोर्स. बरी झाली. पण शनिवारी सकाळीच गेली असती तर कदाचित गोळ्यांवरच भागलं असतं. असा जंतुसंसर्ग अंगावर काढला तर तो गर्भनलिकांपर्यंत जातो. आणि “सात दिवसांनी दाखवणे” याचा अर्थ सात दिवस दाखवायचं नाही, असा नाही. हे कागद देणाऱ्याने सांगायला हवं होतं.

म्हणून 100.4 किंवा त्याहून जास्त ताप, घाण वास, आणि वाढत जाणारं दुखणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दाखवायचं. जाड पॅड तासाभरात पूर्ण भिजला आणि पुढच्या तासात दुसराही भिजला, किंवा लिंबाएवढ्या गाठी पडू लागल्या, चक्कर आली, तर रात्र असली तरी निघायचं.

आणखी एक प्रकार क्वचित होतो, पण तो फसवतो. खरवडताना हत्यार पिशवीच्या भिंतीतून आरपार जाऊ शकतं. पाळी गेलेल्या बाईची किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या बाईची पिशवी जास्त नाजूक असते. अशा वेळी खालून फारसं रक्त जात नाही, म्हणून घरचे निर्धास्त असतात. पण पोट फुगतं, हात लावू देत नाही, उलट्या होतात, खांद्यात दुखतं. रक्त पोटात साठत असतं. पहिल्या दोन दिवसांत असं काही वाटलं तर पॅड मोजत बसू नका, सरळ मोठ्या रुग्णालयात जा.

जंतू आत जाऊ नयेत म्हणून डाग थांबेपर्यंत संबंध ठेवायचा नाही, आतून पाणी मारून धुवायचं नाही, कप वापरायचा नाही. अंघोळ रोज करायची, डोक्यावरूनही. संबंधाविषयी नवऱ्याला सांगणं कठीण जातं, मला माहीत आहे. डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि तो कागद दाखवा.

गर्भपातानंतर क्युरेटिंग झालं असेल तर पुढची पाळी यायच्या आधीच, दोन आठवड्यांतसुद्धा, दिवस राहू शकतात. एरवी पाळी साधारण चार ते सहा आठवड्यांत येते. दोन महिने आली नाही, आणि दिवस गेलेले नाहीत, तर दाखवा. आत पिशवीच्या भिंती एकमेकींना चिकटल्या असू शकतात. दर महिन्याला कळा येतात पण रक्त दिसत नाही, असं झालं तर आणखी लवकर.

आता त्या बाईचं पुढचं सांगते. ताप उतरला, सगळे विसरले. तुकड्याच्या तपासणीचा रिपोर्ट आणायलाच कुणी गेलं नव्हतं. क्युरेटिंग म्हणजे उपचार झाला, असं घरी सगळ्यांना वाटत होतं. बहुतेक वेळा ती तपासणी असते. अस्तर पुन्हा वाढतं आणि एक-दोन पाळ्यांनी पहिल्यासारखं जाऊ लागतं. मग कुणीतरी म्हणतं, पिशवीच काढून टाका. 2019 साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी करणाऱ्या बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची सरकारला चौकशी करावी लागली, हे तुम्हाला आठवत असेल. रिपोर्ट हातात नसलेल्या बाईला असा सल्ला नाकारणं अवघड जातं.

आम्ही दोघी जाऊन रिपोर्ट आणला. अस्तर जाड झालेलं होतं, पण कर्करोगाकडे झुकणाऱ्या पेशी नव्हत्या. डॉक्टरबाईंनी हार्मोनच्या गोळ्या दिल्या आणि सहा महिन्यांनी पुन्हा तुकडा तपासायचा असं ठरलं. तो रिपोर्ट आता तिच्या रेशनकार्डाच्या पिशवीत असतो.