भाड्याच्या फ्लॅटला आग लागली, भरपाई कोणी द्यायची?

आजचा विषय भाड्याच्या घराचा आहे. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात उन्हाळा कसा तापतो, हे तुम्हाला सांगायला नको. कूलर, एसी, पंखे सगळे एकदम चालू. अशात भाडेकरूच्या खोलीत आग लागली, की घरमालक म्हणतो, "तुमच्या खोलीत लागली ना, मग भरा." कायदा मात्र इतक्या सरळ उडीने तिथे पोचत नाही.

आधी इंग्लंडमधला 1947 सालचा एक खटला सांगतो, सोचाकी विरुद्ध सास. भाडेकरू आपल्या खोलीतल्या शेकोटीत विस्तव तसाच ठेवून दोन-तीन तास बाहेर गेला. मागे आग लागली. घरमालकाने नुकसानभरपाई मागितली, ती मिळाली नाही. न्यायालयाचं म्हणणं असं, की शेकोटी पेटवण्यासाठीच असते, आणि ठिणगी उडून आग लागणं कुणाच्याही हलगर्जीपणाशिवाय घडू शकतं. विस्तव प्रमाणाबाहेर मोठा होता, असा पुरावा नव्हता. मुद्दा लक्षात घ्या: आग लागली ही एक गोष्ट, चूक झाली ही दुसरी. दुसरी वेगळी सिद्ध करावी लागते.

आपल्याकडे रीतसर भाडेपट्टा असेल तर मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882, याचं कलम 108 लागतं. करारात वेगळं काही ठरलं असेल तर आधी करार. भाडेकरूने घर मिळालं तशा स्थितीत परत करायचं, रोजच्या वापराची झीज आणि न आवरणारी नैसर्गिक शक्ती सोडून. बिघाड भाडेकरूच्या किंवा त्याच्या नोकरांच्या कृतीमुळे वा कसुरीमुळे झाला, तर नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत दुरुस्त करून द्यायचा. लिव्ह अँड लायसन्स असेल तर हे कलम थेट लागत नाही, तिथे करारातल्या अटी आणि हलगर्जीपणा पाहिला जातो.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, खामगावात दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. भाडेकरूने दीड टनाचा एसी लावला. एसीचा मोठा प्लग बसेना, म्हणून कन्व्हर्टर लावून तो 6 अँपियरच्या एक्स्टेंशन बोर्डात खुपसला. एसी साधारण 7-8 अँपियर घेतो. बोर्ड तासन्‌तास तापला, पडदा पेटला, बेडरूम जळाली.

इथे कूस बदलते. बोर्डाचं प्लास्टिक वितळलेलं, भिंतीवर काळा डाग बोर्डापासून वर पसरत गेलेला, भिंतीतली वायर बऱ्यापैकी शाबूत. म्हणजे सुरुवात बोर्डापाशी, आणि ती भाडेकरूची चूक. पण समजा, डाग भिंतीतल्या जोडापासून सुरू झाला असता आणि मालकाने दीड स्क्वेअर मिलिमीटरच्या वायरवर 32 अँपियरचा एमसीबी बसवलेला निघाला असता, तर? वायर जळायला लागली तरी तो एमसीबी पडत नाही. मग मालकाचा दावा ढासळतो. दोन्ही सापडलं, तर जबाबदारी वाटली जाऊ शकते.

सिद्ध करायचं ओझं दावा करणाऱ्यावर, म्हणजे मालकावर. पण बंद घरात नेमकं काय चालू होतं, हे भाडेकरूलाच ठाऊक असतं. अशा खास माहितीतल्या गोष्टी त्यानेच सांगायच्या, असं पुराव्याचा कायदा म्हणतो (पूर्वीचं कलम 106, आता 109). म्हणून "मला काही माहीत नाही" एवढं म्हणून भागत नाही.

पुढचं आकड्यांचं. मालकाने 1,80,000 मागितले: खोलीची दारं-खिडक्या 50,000, पूर्ण घराचं वायरिंग 70,000, सगळीकडे रंग 60,000. भरपाई जुन्याची असते, नव्याची नाही. वायरिंग बेडरूमपुरतंच जळालं, धरा 18,000. धूर सगळीकडे गेला, पण रंग सहा वर्षांचा होता, म्हणून धरा 20,000. झाले 88,000. डिपॉझिटचे 30,000 वजा केले तर उरतात 58,000.

पण हे सगळं टिकतं कशावर? पहिल्या दोन दिवसांवर. पोलिसांतली आकस्मिक जळीत नोंद, अग्निशमन दलाचा अहवाल, पंचनामा, आणि भिंत धुण्याआधीचे फोटो. जळालेला बोर्ड आणि एमसीबी फेकू नका, दोघांनीही. बोर्ड भंगारात गेला, की मालकाचा पुरावा गेला. एमसीबी बदलला, की भाडेकरूचा.

आणखी एक. आग आपसूक लागली आणि घर कायमचं राहण्याजोगं उरलं नाही, तर भाडेकरूला भाडेपट्टा संपवता येतो. आग त्याच्याच चुकीने लागली असेल, तर ही सवलत नाही. म्हणजे आग कुठून सुरू झाली, याच एका उत्तरावर भरपाई आणि पुढचं भाडं, दोन्ही ठरतं.

भेटू पुढच्या भागात.