डोळ्यातला लाल डाग

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते आणि पुन्हाही सांगणार आहे: डोळ्याच्या पांढऱ्या भागावर लालभडक डाग दिसला, पण दुखत नसेल आणि नजर साफ असेल, तर औषधाच्या दुकानातून थेंब आणून घालू नका.

परवाच पन्नाशीच्या एक बाई घाबरून आल्या होत्या. चार दिवस खोकला होता, आणि सकाळी सुनेने सांगितलं, "आई, डोळ्यात रक्त उतरलंय." बाईंना स्वतःला काहीच जाणवलं नव्हतं. डोळा दुखत नव्हता, चिपडं नव्हती, वाचताही नीट येत होतं. डाग बुबुळाच्या कडेपर्यंत येऊन तिथेच थांबला होता.

नव्या पुस्तकाला आपण प्लॅस्टिकचं कव्हर घालतो ना, तसा डोळ्याच्या पांढऱ्या भागावर एक पातळ, पारदर्शक पडदा असतो. त्यात केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या असतात. जोराचा खोकला, शिंक, उलटी किंवा शौचाला कुंथणं यामुळे एखादी फुटते आणि रक्त पडद्याखाली पसरतं. कव्हरच्या आत शाई सांडावी तसं. आत सांडलेली शाई कव्हर वरून पुसून जाईल का? थेंबसुद्धा कव्हरच्या वरच पडतात! शिवाय हवेतला ऑक्सिजन पातळ पडद्यातून आत झिरपतो, म्हणून ते रक्त लालभडकच राहतं आणि थेंबभर रक्तही भयंकर दिसतं.

दुसऱ्या दिवशी डाग मोठा दिसू शकतो. बहुतेक वेळा नव्याने रक्त येत नसतं, आहे तेच पसरतं. मग शरीर ते हळूहळू शोषून घेतं, कडा पिवळसर होतात आणि एक ते तीन आठवड्यांत डोळा स्वच्छ होतो. त्या बाईंना मी खोकल्याचं औषध दिलं, डोळ्याचं काहीच दिलं नाही. त्या जरा नाराजच झाल्या!

म्हणून पुन्हा सांगते, थेंब नकोत. दुकानातल्या काही थेंबांत स्टेरॉइड असतं. ते बरेच दिवस घातलं तर डोळ्यातला दाब वाढू शकतो, मोतीबिंदूही होऊ शकतो. निरुपद्रवी डागासाठी हे कशाला ओढवून घ्यायचं? डोळा चोळूही नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

वेळ संपत आली आहे, पण एवढं सांगायलाच हवं. डोळ्याला किंवा डोक्याला मार लागला असेल, डोळा दुखत असेल, अंधुक दिसत असेल, उजेड सहन होत नसेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. डाग वारंवार येत असेल, हिरड्यांतून रक्त येत असेल, तर रक्ताची तपासणी लागेल. वाढलेल्या रक्तदाबामुळेही असा डाग येऊ शकतो, म्हणून चाळिशी उलटलेल्या ज्या कुणाला तो दिसेल, त्यांनी थेंबांवर पैसे घालवण्याऐवजी जवळच्या दवाखान्यात जाऊन रक्तदाब तेवढा मोजून घ्यावा.