वर्गाचे नियम कोणीं करावे?

सातपुड्याच्या पायथ्याशीं वसलेल्या तळोद्याच्या एखाद्या शाळेंतील सातवीचा वर्ग श्रोत्यांनीं क्षणभर डोळ्यांपुढें आणावा. कांहीं मुलें गांवांतलीं, कांहीं आसपासच्या पाड्यांवरून पायीं येणारीं. कोणाच्या घरीं अहिराणी, कोणाच्या गुजरी, तर कोणाच्या भिलोरी बोली. जूनमध्यें शिक्षक भिंतीवर तक्ता लावतात: वेळेवर यावें, गडबड करूं नये, वस्तू जागच्या जागीं ठेवाव्या. तक्ता वर्षभर तेथेंच राहतो. परंतु शिक्षकांनीं वर्गाबाहेर पाऊल टाकलें, कीं नियमहि त्यांच्या पाठोपाठ बाहेर पडतात. असें कां व्हावें?

जीन पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञानें मुलांच्या गोट्यांचा खेळ बारकाईनें पाहून १९३२ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत याचें उत्तर सांपडतें. लहान मुलास नियम हा वडील माणसांनीं घालून दिलेला, म्हणून न बदलणारा वाटतो; आणि मौज अशी, कीं तेंच मूल तो सर्रास मोडतें. दहा-अकराव्या वर्षाच्या सुमारास नियम खेळणाऱ्यांच्या संमतीनें ठरतो व बदलतांहि येतो, हें त्यास उमगतें, आणि तेथून पुढें तो अधिक कसोशीनें पाळला जातो. सहावी ते आठवीचें वय नेमकें हेंच आहे.

मात्र पहिल्याच दिवशीं नियम करावयास बसूं नये. पंधरा दिवस वर्ग चालूं द्यावा, अडचणी जाणवूं द्याव्या. मग ‘नियम सांगा’ असें म्हणूं नये. म्हटल्यास मुलें जुना तक्ताच पाठ म्हणून दाखवितात. ‘शिकतांना अडथळा कशाचा होतो?’ एवढेंच विचारावें. चार-पांच मुलांच्या गटानें आधीं घरच्या बोलींत बोलावें, नंतर मराठींत मांडावें. नाहीं तर ज्यांस मराठी सफाईनें येते, त्यांचेंच राज्य होतें.

समजा, उशिरा येण्याचा प्रश्न निघाला. उशीर करणाऱ्यानें दाराबाहेर उभें राहावें किंवा दंड भरावा, अशा सूचना लगेच येतील. शिक्षा सुचवितांना मुलें मोठ्यांहूनहि कठोर असतात! येथें शिक्षकांनीं गप्प बसून चालत नाहीं. १ एप्रिल २०१० पासून लागू असलेल्या शिक्षणहक्काच्या कायद्याचें १७ वें कलम शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास मनाई करतें. म्हणून अपमान होईल अशी गोष्ट मतास टाकतांच येत नाहीं. हें बंधन आरंभींच सांगावें. मुलांचा ठराव झाल्यावर तो शिक्षकांनीं मोडला, तर पुढील सभा नुसतें नाटक ठरते.

त्याऐवजीं मुलांनींच दोन आठवडे नोंद ठेवावी. पांच जणांस वारंवार उशीर होतो असें दिसलें. त्यांतील तिघें पाड्यावरचीं, सकाळीं पाणी भरून, धाकट्या भावंडास सांभाळून निघणारीं, आणि दोघे स्टँडवर रेंगाळणारे. आतां वर्गास कळतें, कीं उशीर एकच असला तरी कारणें दोन आहेत. मग नियम असा होऊं शकतो: उशिरा येणाऱ्यानें गाजावाजा न करतां बसावें, शेजाऱ्यानें त्यास चुकलेला भाग दाखवावा; आणि ज्यास टाळतां येत होतें, त्यानें तो भाग मधल्या सुटींत पुरा करावा. नुकसान झालें त्याचीच भरपाई, वेगळी शिक्षा नाहीं. हाच नियम शिक्षकांसहि लागू असावा. त्यांतून त्यांनीं स्वतःस वगळलें, कीं मुलें तें विसरत नाहींत.

असे चार-पांच नियम पुरेत, पण प्रत्येकाची देखरेख कोणाकडे तरी हवी. सेवाग्रामच्या नई तालीमच्या शाळेंत मुलें आपल्यांतूनच सफाई इत्यादि कामांचे मंत्री निवडीत, आणि ते आमसभेपुढें आपल्या कामाचा हिशेब देत. दर पंधरवड्याच्या शनिवारीं वीस मिनिटें अशा हिशेबास द्यावीं. जो नियम दोनदां फसला, त्याचा दोष मुलांत शोधण्यापूर्वीं नियमांत शोधावा. कोणी नियम मोडल्यावर मुलें ‘सर, हा बघा’ म्हणून धांवत आलीं, तर नियम अद्याप सरांचाच आहे. तीं आपसांत ‘आपलें काय ठरलें होतें?’ असें विचारूं लागलीं, तर तो त्यांचा झाला असें समजावें.

या भागांत आणखी एक अडचण असते. दिवाळीच्या सुमारास कित्येक कुटुंबें ऊसतोडीसाठीं गुजरातेंत जातात, आणि त्यांचीं मुलें होळीच्या आसपास परततात. जून-जुलैंत केलेले नियम तोंवर त्यांस परके झालेले असतात. तीं आल्यावर तक्ता पुन्हां सभेपुढें वाचावा व ‘हा नियम कशासाठीं?’ असें विचारण्याचा पहिला मान त्यांस द्यावा. उत्तर शिक्षकांनीं देऊं नये, वर्गानें द्यावें; आणि वर्गास तें देतां आलें नाहीं, तर तो नियम त्याच बैठकींत खोडावा.