पावसाळ्यातला खताचा डबा



माटुंग्यात पावसाची झड लागली की गॅलरीतल्या खताच्या डब्याखाली काळं पाणी साचतं, वास शेजारी जातो, आणि पुष्कळजणी चार महिने डबा बंदच करून टाकतात. बंद करायची गरज नाही. पावसाचा एक थेंब आत गेला नाही तरी हे होतं, कारण पाणी कचऱ्यातच असतं. देठं, साली यांत दहातले आठ-नऊ भाग पाणी. उन्हाळ्यात ते उडून जातं. जुलैच्या दमट हवेत उडत नाही, तळाशी उतरतं, तिथली हवा कोंडते आणि कुजका वास सुटतो.

म्हणून पाणी शोषणारं काहीतरी रोज घालायचं. चार माणसांच्या घरात दिवसाला साधारण अर्धा किलो ओला कचरा निघतो. बारीक चिरला की सव्वा लिटरचं पातेलं भरतं. त्यावर तेवढंच पातेलंभर सुकं घाला: चुरलेला पाला, किंवा नारळाची शेंडी सोडवून मोकळी केलेली. चार महिन्यांना दीडशे लिटर, म्हणजे दोन-तीन गोणी पाला लागतो. तो मे महिन्यातच भरून घरात ठेवायला हवा. पावसात वेचलेला ओला पाला काय शोषणार? पाला नसेल तर कोकोपीटची वीट आणा. एरवी ती पाण्यात फुलवतात, आता मात्र कोरडीच फोडून चुरा घाला.

आपल्याकडे केळीची पानं आणि फुलबाजारातले हार फार. पानं अख्खी टाकली तर एकावर एक चिकटून थर बसतो आणि हवा अडते, म्हणून बोटभर तुकडे करा. हारांचा दोरा काढून फुलं रात्रभर कागदावर पसरा.

दोन दिवसांनी डबा तळापासून हलवा आणि मूठभर माल दाबून पाहा. हात ओलसर झाला पण थेंब पडला नाही, तर ठीक. थेंब पडले तर आणखी सुकं घाला आणि दोन दिवस नवा कचरा थांबवा. पांढरी बुरशी दिसली तर घाबरू नका, ती कामाचीच आहे. झाकणाला हिरवी-काळी बुरशी धरली तर आतली वाफ तिथे थिजून परत खाली गळतेय. झाकणाखाली गोणपाटाचा तुकडा ठेवा आणि तो आठवड्याने बदला. दमा असलेल्यांनी डबा हलवू नये.

डबा दोन विटांवर, खाली ताटली. भोकं झाकणाला नव्हे, बाजूला. ताटलीतलं पाणी घाण मारत नसेल तर दहापट पाणी मिसळून कुंडीला द्या. मारत असेल तर संडासात ओता.

सुक्या कचऱ्याचंही दुखणं पाणीच. दुधाची पिशवी धुऊन ओलीच रद्दीत टाकली की चार दिवसांत सगळ्या कागदाला बुरशी. पिशवी कापून, उलटी करून चिमट्याने टांगा, आणि कागद, पुठ्ठा वेगळ्या पिशवीत, जमिनीपासून वर ठेवा.