‘तीन डोस झालेत’ म्हणजे नक्की काय झालंय?

मी सॉफ्टवेअरवाला, पण आजचा विषय जनावरांच्या दवाखान्यातला. माझी धाकटी बहीण बीव्हीएससी करून सध्या पुण्यातल्या एका गर्दीच्या क्लिनिकमध्ये इंटर्नशिप करतेय. केस पेपर लिहिणं आणि लसींच्या तारखा देणं हे तिचं काम. त्यांच्या नोंदींसाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहायला मी काही रविवार तिथे बसलो, तेव्हा जे समजलं ते सांगतो.

आपल्याला वाटतं की लसीकरण म्हणजे डोस मोजायचे. पहिला, दुसरा, तिसरा, झालं! पण कुत्र्याच्या पिल्लाच्या बाबतीत डोस किती झाले यापेक्षा शेवटचा डोस कितव्या आठवड्यात पडला, हे जास्त महत्त्वाचं असतं.

का, ते बघा. पिल्लू जन्मल्यावर आईचा चीक पितं आणि त्यातून त्याला आईच्या अँटिबॉडीज मिळतात. त्या रक्तात असेपर्यंत पिल्लाचं थोडंफार रक्षण होतं, पण त्याच अँटिबॉडीज लसीतला विषाणूही निकामी करतात. म्हणजे डोस दिला, कार्डावर स्टिकर लागलं, आणि शरीर काहीच शिकलं नाही! कुणाच्या अँटिबॉडीज आठव्या आठवड्यात संपतात, कुणाच्या पार बाराव्या आठवड्यानंतरही टिकतात. वरून बघून ते कळत नाही. म्हणून पार्वो आणि डिस्टेंपरची लस सहाव्या ते आठव्या आठवड्यात सुरू करून दर दोन ते चार आठवड्यांनी देत राहायची, आणि शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावरच द्यायचा.

आता एक उदाहरण घेऊ. पिल्लाचा जन्म १ जूनचा. डोस पडले १३ जुलै, ३ ऑगस्ट आणि २४ ऑगस्टला. म्हणजे सहावा, नववा, बारावा आठवडा. कार्डावर लिहिलंय, ‘तीन पूर्ण, पुढचा एक वर्षाने’. दुसरं पिल्लू दहाव्या आठवड्यात पहिल्यांदा आलं, मग तेराव्या आणि सोळाव्या आठवड्यात. त्याचेही तीनच, पण ते खरंच पूर्ण. पहिल्याला २१ सप्टेंबरच्या सुमारास चौथा डोस हवा होता.

२८ सप्टेंबरला पहिलं पिल्लू येतं. उलट्या, रक्ताची जुलाब. बाहेर पंधरा जण बसलेत. मालक म्हणतात, “डॉक्टर, सगळी इंजेक्शनं झालीत हो!” इंटर्नने ‘लसीकरण पूर्ण’ एवढंच लिहिलं, तर वाचणाऱ्याचं लक्ष पार्वोवरून उडू शकतं आणि पिल्लू बाकीच्या पिल्लांशेजारी बाकावर बसून राहतं. पण ‘शेवटचा डोस २४ ऑगस्ट, वय बारा आठवडे, कार्ड पाहिलं’ असं लिहिलं, की डॉक्टर आधी त्याला वेगळ्या खोलीत नेतात आणि विष्ठेची पार्वो टेस्ट करतात. इथेही तारीख उपयोगी पडते. जिवंत विषाणूची लस नुकतीच दिलेली असेल, तर पुढचे काही दिवस ही टेस्ट लसीमुळेच पॉझिटिव्ह येऊ शकते. इथे पाच आठवडे उलटलेत, त्यामुळे ती शंका उरत नाही.

‘कार्ड पाहिलं’ हे शब्दही महत्त्वाचे. मालकांच्या लेखी इंजेक्शन म्हणजे लस, व्हिटॅमिन, तापाचं औषध, काहीही. कधीकधी जंताचं औषधसुद्धा ‘डोस’ म्हणून मोजलं जातं. म्हणून बहीण दोन वेगळ्या गोष्टी लिहिते: ‘मालक सांगतात’ आणि ‘कार्डावर पाहिलं’. पाहिलं असेल तर लसीचं नाव, बॅच नंबर आणि तारीख स्टिकरवरूनच उतरवायची.

आणि रस्त्यावरून उचललेलं पिल्लू असेल, तर जन्मतारीख कुठून आणायची? दातांवरून. पुढचे दुधाचे दात तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दिसू लागतात. ते पडून कायमचे यायला लागले, तर पिल्लू साधारण तीन-चार महिन्यांचं. हा अंदाजच असतो, म्हणून तारखेपुढे ‘अंदाजे’ लिहायचं आणि शेवटचा डोस लवकर देण्यापेक्षा थोडा उशिरा धरायचा.

त्यामुळे आमच्या प्रोग्रॅममध्ये ‘डोस क्रमांक’ हा रकाना पुढची तारीख ठरवतच नाही. प्रोग्रॅम जन्मतारीख आणि शेवटच्या डोसची तारीख बघतो. वय सोळा आठवड्यांच्या आत असेल, तर एक वर्षानंतरची तारीख तो देतच नाही. रेबीजची ओळ वेगळी ठेवलीय, कारण तिचा हिशोब वेगळा: बारा आठवड्यांनंतर पहिली, मग वर्षाने बूस्टर.

तुमच्या घरी पिल्लू असेल, तर आज त्याचं कार्ड काढा. स्टिकर मोजू नका. शेवटच्या स्टिकरची तारीख बघा आणि त्या दिवशी पिल्लू किती आठवड्यांचं होतं ते मोजा. सोळाच्या आत असेल, तर तुमच्या डॉक्टरांना फोन करून विचारा.

चला, भेटू पुढच्या भागात!