वर्षाच्या आत बाळाला गाईचे दूध का नको?

"दारात गाय असताना डब्याचे दूध कशाला?" असे तुम्ही विचारता. प्रश्न रास्त आहे. मागे एका ताईंनी आठ महिन्यांचे बाळ दाखवायला आणले. अंगावरचे दूध आटले, म्हणून ते गाईच्या दुधावरच होते. बाळ गुबगुबीत, पण तळहात फिके आणि पापणी आतून पांढुरकी. तपासले, तर रक्त कमी!

असे का झाले? गाईच्या दुधात लोह अगदी थोडे असते, आणि तेही बाळाच्या अंगी नीट लागत नाही. कोवळ्या आतड्यातून कधी नकळत रक्तही झिरपते. शिवाय त्यातले क्षार वासराच्या मापाचे. बाळाच्या मूत्रपिंडांवर त्यांचा भार पडतो. पाणी घातले तर क्षार कमी होतात, पण बाळ अर्धपोटी राहते आणि लोह काही वाढत नाही.

डब्याचे दूधही बहुधा गाईच्या दुधाचेच. मात्र त्यातले क्षार कमी करून लोह घातलेले असते. आईचे दूध सर्वांत उत्तम. ते नसेलच, तर डॉक्टरांना विचारून हे द्या. पाणी उकळून घ्या. डब्यावर लिहिल्याप्रमाणे चमचे सपाट मोजा. डबा पुरावा म्हणून पातळ करू नका. वाटी-चमच्याने पाजा, उरलेले टाकून द्या.

वर्ष भरले, की गाईचे दूध उकळून खुशाल द्या.